राखीव निधी किती महिन्यांचा? आधी ‘महिना’ म्हणजे किती रुपये ते ठरवा

प्रश्न: कोल्हापुरात आमचं बौद्धिक दिव्यांग मुलांचं दिवसकेंद्र आहे, मी खजिनदार आहे. गेल्या वर्षीचा एकूण खर्च 72 लाख आणि 31 मार्चला बँकेत 41 लाख. नवे विश्वस्त म्हणतात, बजेटमध्ये सहा महिन्यांच्या खर्चाएवढं राखीव निधीचं लक्ष्य घाला. जुने म्हणतात तीन महिने पुष्कळ झाले. एकाचं म्हणणं असं की आपल्याकडे जवळपास सात महिन्यांचे पैसे पडूनच आहेत, वेगळं काही करायचंच कशाला? नेमके किती महिने धरायचे? ताळेबंद, तीन वर्षांची बँक पासबुकं आणि पुढच्या वर्षाचं कच्चं बजेट सोबत पाठवलं आहे.

उत्तर:

तुमच्याकडे सात महिने नाहीत. कागद बघून मी काढलेला आकडा आहे एक महिना आणि वर तीन-चार दिवस. हे ऐकून मीटिंगमध्ये गडबड होईल, म्हणून सात वरून एकवर कसा आलो ते आधी सांगतो. तेवढं पटलं की तीन की सहा हा वाद बराचसा आपोआप मिटतो.

41 लाखांना 6 लाखांनी भागलं की पावणेसात येतात. त्या सदस्यांनी तेच केलं असणार. या भागाकारात वरचा आकडाही चुकीचा आहे आणि खालचाही.

खालच्यापासून सुरू करतो. 72 लाख भागिले बारा म्हणजे महिन्याला 6 लाख, हा तुमचा महिन्याचा खर्च नव्हे. उत्पन्न-खर्च पत्रकातल्या त्या 72 लाखांत 4 लाख 20 हजारांचा घसारा आहे. बस आणि फर्निचर जुनं होतंय म्हणून लिहिलेला तो आकडा, त्यासाठी बँकेतून रुपया बाहेर जात नाही. 1 लाख 80 हजारांचं धान्य आणि गणवेश लोकांनी वस्तुरूपात दिले, ते दोन्ही बाजूंना लिहिलेत. रौप्यमहोत्सव आणि छताची दुरुस्ती मिळून 3 लाख, तो खर्च दरवर्षी होणार नाही. आणि 21 लाख सीएसआरच्या कौशल्य प्रकल्पाचे, जे कंपनी देते म्हणूनच खर्च होतात. हे सगळं मिळून 30 लाख वजा केले की 42 लाख उरतात.

आता इथे बहुतेक जण थांबतात, आणि मीही सुरुवातीची काही वर्षं इथेच थांबायचो. पण सीएसआरच्या 21 लाखांत तुमच्या समन्वयक बाईंचा 25 हजार पगार आहे. उद्या कंपनीने हात आखडता घेतला तर त्यांना घरी पाठवणार का? फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही लगेच ‘छे, त्यांच्याशिवाय केंद्र चालायचं नाही’ म्हणालात. मग तो पगार कुणाच्याही पैशातून जात असला तरी तो तुमचा चालू खर्च आहे. प्रकल्पाचे दोन प्रशिक्षक मात्र कंत्राटावर आहेत, प्रकल्प संपला की त्यांचं काम संपतं, ते नकोत. वर्षाचे 3 लाख परत मिळवले की 45 लाख झाले. कसोटी एवढीच: पैसे देणारा उद्या उठून गेला तरी पुढच्या महिन्याच्या 5 तारखेला जे द्यावंच लागेल, ते मोजायचं.

शिवाय राखीव निधी येत्या काळासाठी असतो, त्यामुळे मागच्या वर्षाचा खर्च धरून चालत नाही. पगारवाढ आणि बसचं डिझेल धरून तुमच्या कच्च्या बजेटात हाच खर्च 48 लाख येतो. म्हणजे तुमचा ‘एक महिना’ 4 लाखांचा. सहा लाखांचा नाही.

आता वरचा आकडा. बँकेतल्या 41 लाखांपैकी 12 लाख कायम निधी आहे. देणगीदारांनी ‘फक्त व्याज वापरा’ असं लिहून दिलेला पैसा अडचणीत मोडायचा नसतो. प्राप्तिकरातही कायम निधीतून केलेला खर्च त्या वर्षी संस्थेच्या उद्देशांवरचा खर्च म्हणून धरत नाहीत, ती रक्कम निधीत परत भरल्यावर काय ते. 5 लाख सीएसआरचे न खर्चलेले आहेत, ते प्रकल्पाचेच. 2 लाख तुम्ही ग्रॅच्युइटीसाठी बाजूला ठेवलेत. ते चांगलं केलंत, कारण दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की ते देणं कायद्यानेच लागतं आणि अशी देणी राखीव निधीतून भागवायची नसतात. हे 19 लाख वजा केल्यावर मोकळे पैसे उरले 22 लाख.

22 भागिले 4 म्हणजे साडेपाच महिने. इथपर्यंत ऐकून तुमचे जुने विश्वस्त खूश होतील. पण खरी मेख याच्या पुढे आहे, आणि या उत्तरातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: 31 मार्च हा तुमच्यासारख्या संस्थेच्या वर्षातला सर्वात फसवा दिवस असतो.

तुमची पासबुकं महिनावार मांडली तर पैशाची भरती-ओहोटी स्पष्ट दिसते. नोव्हेंबर ते मार्च हे तुमचे सुगीचे महिने. दिवाळीच्या आधी गोकुळचा दूध फरक येतो, मग गळीत हंगाम सुरू होऊन ऊसबिलं येऊ लागतात, आणि करवीर-पन्हाळ्याकडचे तुमचे छोटे देणगीदार त्याच सुमाराला पावती फाडतात. फाउंड्रीवाले उद्योजक फेब्रुवारी-मार्चमध्ये, सीएने सांगितल्यावर देतात. सरकारी अनुदानाचे 14 लाखही वर्ष संपता संपता खात्यावर पडतात. एप्रिल ते ऑक्टोबर मात्र पालकांची वर्गणी महिन्याला 90 हजार आणि किरकोळ देणग्या सरासरी 60 हजार, बस्स. दीड लाख येतात आणि चार लाख जातात. महिन्याला अडीच लाखांची तूट, सात महिने. साडेसतरा लाख.

म्हणजे 31 मार्चच्या 22 लाखांपैकी साडेसतरा लाख हे राखीव नाहीतच. ते एप्रिल ते ऑक्टोबरचे पगार आहेत, फक्त आधी येऊन बसलेत. शेतकऱ्याच्या घरात सुगीनंतर कणगी भरलेली दिसते, पण त्यातलं बरंचसं धान्य पुढच्या पिकापर्यंत खायचं असतं, तसं हे. ऑक्टोबर अखेर तुमच्याकडे मोकळे उरतात साडेचार लाख, म्हणजे 4 लाखांच्या हिशेबाने 1.1 महिना. दिवाळी नोव्हेंबरात ढकलली गेली तर आणखी कमी. तुमचा खरा राखीव निधी तो.

हे तुम्ही स्वतः पडताळून बघा. एक्सेलमध्ये गेल्या 36 महिन्यांची प्रत्येक महिनाअखेरची सर्व खात्यांची शिल्लक एका रकान्यात लिहा, शेजारच्या रकान्यात त्या दिवशीचे बांधील पैसे (कायम निधी, सीएसआरची न खर्चलेली रक्कम, ग्रॅच्युइटी), आणि डी रकान्यात वजाबाकी. मग खाली

```
=MIN(D2:D37)
```

तीन वर्षांतला तळ समोर येईल. तुमच्या बाबतीत तो तिन्ही वर्षी ऑक्टोबरात आहे. इतका नियमित असणं हे चांगलं लक्षण आहे, कारण मग मोजायला एक ठरलेली तारीख मिळते. ज्या संस्थांचा तळ दरवर्षी वेगळ्या महिन्यात येतो त्यांना जास्त राखीव लागतो.

आता किती महिने हवेत. तीन ते सहा हा अंगठेनियम सगळीकडे ऐकू येतो आणि तो वाईट नाही, पण तो कुणाच्या तरी दुसऱ्याच्या संस्थेसाठी आहे. ज्यांची नव्वद टक्के आवक दरमहा वर्गणीतून येते त्यांना दोन महिनेही पुरतात. एकाच देणगीदारावर चालणाऱ्यांना सहाही पुरत नाहीत. म्हणून मी महिन्यांपासून सुरुवात करत नाही. आधी रुपयांत विचारतो: आपल्यावर एका वर्षात एकत्र कोसळू शकतील असे धक्के कोणते, आणि त्यातून तळाच्या दिवशी किती कमी पडेल? मग त्या रुपयांना 4 लाखांनी भागून महिने काढतो.

तुमचा पहिला धक्का सरळ आहे, अनुदान लांबणं. मार्चमध्ये 14 लाख आले नाहीत तर 31 मार्चला हातात 22 ऐवजी 8 लाख. महिन्याला अडीच लाखांची तूट, म्हणजे ते सव्वातीन महिने पुरतात. जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात खातं रिकामं. जुलैत कोल्हापुरात काय होतं हे कोल्हापूरकराला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, आणि ऑगस्ट 2019 व जुलै 2021 असे दोन महापूर तुमच्या केंद्राने पाहिलेत. तुमचीच पासबुकं सांगतात की दोन्ही वेळा जवळपास दोन महिने पालकांची वर्गणी आली नाही. शिरोलीजवळ महामार्ग बंद, बस बंद, बऱ्याच पालकांचं काम बंद. देणगीदारांचे पैसे त्या काळात पूरग्रस्तांकडे जातात आणि ते जायलाच हवेत, त्याबद्दल तक्रार नाही. दोन महिन्यांची वर्गणी 1 लाख 80 हजार, आणि चिखल काढणं, वायरिंग, भिजलेलं साहित्य यासाठी तुम्हाला 2021 मध्ये आलेला खर्च आजच्या भावाने 2 लाख 20 हजारांच्या आसपास. मिळून 4 लाख.

हे दोन धक्के एकमेकांवर अवलंबून नाहीत, पण एकाच वर्षी येऊ शकतात, म्हणून दोन्ही धरले: 14 आणि 4, अठरा लाख. त्यातून जे खरोखर वाचेल ते वजा करा. बस उभी राहिली तर डिझेल, सहली, काही साहित्य, असे महिन्याला 50 हजार चार महिने, म्हणजे 2 लाख. पगार कापून वाचवायचं गणित यात घालू नका. ज्या संस्थेत मुलं एकेका ताईला ओळखून शांत होतात तिथे शिक्षिका सोडून गेल्या की नुकसान पैशात मोजता येत नाही. उरले 16 लाख. भागिले 4 लाख, म्हणजे चार महिने.

मोठी कंपनी जी 8 लाखांची सर्वसाधारण देणगी देते ती बंद पडली तर? तो धक्का मी मुद्दाम धरला नाही. अनुदान लांबतं म्हणजे पैसे उशिरा येतात, पण येतात, आणि राखीव निधी परत भरतो. देणगीदार कायमचा गेला तर ती दरवर्षीची तूट झाली. राखीव निधी तिथे फक्त नवा देणगीदार शोधायला किंवा काम आवरायला वेळ देतो. त्या 8 लाखांसाठी वेगळी रक्कम ठेवत बसलात तर लक्ष्य एवढं फुगेल की कुणी मनावरच घेणार नाही.

म्हणून तुमच्या ठरावात वाक्य असं हवं: ‘ऑक्टोबर अखेर, बांधील रकमा वगळून, येत्या वर्षाच्या चार महिन्यांच्या चालू खर्चाएवढे मोकळे पैसे.’ नुसतं ‘चार महिन्यांचा राखीव निधी’ असं लिहिलंत तर दोन वर्षांत कुणीतरी पुन्हा 31 मार्चचा आकडा धरून टाळ्या वाजवेल. तेच लक्ष्य मार्चच्या भाषेत सांगायचं तर 16 अधिक 17.5, साडेतेहतीस लाख होतात. म्हणजे तीनवाले, सहावाले आणि सातवाले तिघंही वेगवेगळ्या तारखांबद्दल आणि वेगवेगळ्या ‘महिन्यां’बद्दल भांडत होते.

लक्ष्य 16 लाख, आज साडेचार, कमी पडतात साडेअकरा. आता हे बजेटमध्ये कसं घालायचं.

पहिली गोष्ट, राखीव निधीत टाकलेली रक्कम हा खर्च नाही. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या हिशेबनिसाने ‘राखीव निधीकडे वर्ग’ हे खर्चाच्या बाजूला लिहिलं आणि प्राप्तिकर विवरणातही ते 85 टक्क्यांत धरलं. त्यांच्याकडे मी पोचलो तो नोटीस आल्यानंतर. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नापैकी किमान 85 टक्के आपल्या उद्देशांवर खर्चायचे असतात, उरलेले 15 टक्के विनाअट मागे ठेवता येतात. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, तरी हा 85-15 चा सांगाडा तोच आहे. एफडी केली म्हणजे खर्च झाला असं होत नाही. राखीव निधी त्या 15 टक्क्यांतूनच उभा राहतो. बजेटात तो सगळ्यात खाली लिहायचा: उत्पन्न, वजा खर्च, शिल्लक, आणि त्या शिलकेतून ‘राखीव निधीकडे’.

यातून वेगाची मर्यादाही कळते. शंभर रुपये मिळाले आणि 85 खर्चले तर 15 मागे राहतात, म्हणजे खर्चाच्या हिशेबाने वर्षाला जेमतेम दोन महिने. त्यापेक्षा वेगाने कुणी राखीव निधी उभारतो म्हणत असेल तर कागद नीट बघा. 85 टक्क्यांपेक्षा कमी खर्च झाला तर विशिष्ट कामासाठी पाच वर्षांपर्यंत रक्कम साठवायची सोय कायद्यात आहे, पण तिथे कारण नेमकं लागतं, जसं इमारत किंवा बस. ‘अडीअडचणीला’ हे तिथे कारण म्हणून चालत नाही.

तुमचं एकूण उत्पन्न सीएसआर धरून 70 लाखांच्या आसपास, त्यामुळे कायद्याने साडेदहा लाख मागे ठेवता येतील. अडचण कायद्याची नाहीच मुळी. बांधील पैसे वगळता तुमचं पुढच्या वर्षीचं उत्पन्न 48 लाख 80 हजार आणि चालू खर्च 48 लाख. शिल्लक 80 हजार. या वेगाने साडेअकरा लाख जमवायला चौदा वर्षांहून अधिक लागतील.

आणि लक्ष्यही जागेवर थांबत नाही. हा हिशेब लोक हमखास विसरतात. तुमचा चालू खर्च या वर्षी 45 वरून 48 लाखांवर गेला, म्हणजे साडेसहा टक्क्यांहून थोडं जास्त. उत्पन्नही त्याच गतीने वाढेल असं धरलं तरी आजचे 16 लाख चार वर्षांनी साधारण साडेवीस होतात. वर्षाला 3 लाख टाकले तर चार वर्षांनी हातात साडेसोळा असतील, लक्ष्य साडेवीसवर गेलेलं असेल आणि मीटिंगमध्ये ‘चार वर्षं टाकतोय तरी भरत का नाही’ असं कुणीतरी विचारेल. 4 लाख टाकले तर साडेचार अधिक सोळा, बरोबर साडेवीस. म्हणून बजेटात ओळ 4 लाखांची घाला आणि मुदत चार वर्षं.

4 लाख आणायचे कुठून? 80 हजार आहेतच. दुसरी जागा तुमच्या सीएसआर प्रस्तावात आहे. प्रकल्पाचे वर्ग तुमच्या इमारतीत भरतात, वीज तुमची, हिशेब तुमचा हिशेबनीस ठेवतो, पण प्रकल्पाच्या बजेटात त्यापैकी काही नाही. महिन्याला 12 हजारांचा वाटा तरी नक्कीच बसतो, वर्षाचे 1 लाख 44 हजार. तुम्ही म्हणालात, कंपनीला पाच टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च चालत नाही. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, राबवणाऱ्या संस्थेच्या खर्चाला नाही. प्रत्येक आकड्याला आधार जोडा, किती खोल्या, किती तास, विजेचं बिल, मग बहुतेक कंपन्या ऐकतात. मात्र ‘राखीव निधीसाठी सीएसआर द्या’ असं मागू नका. जानेवारी 2021 मधल्या नियमबदलापासून कायम निधीला दिलेली देणगीही सीएसआर खर्च धरली जात नाही आणि नुसत्या राखीव निधीलाही कंपनी हात लावणार नाही. प्रकल्पाने प्रकल्पाचा पूर्ण खर्च उचलायचा, त्यामुळे सुटलेले तुमचे मोकळे पैसे राखीव निधीत जातात. रस्ता असा वळणाचाच आहे.

तिसरी जागा पालकांची वर्गणी. याबद्दल तुमच्यात मतभेद होतील आणि ते योग्यच आहे. साठपैकी पंधरा घरं ओढाताण करून देतात असं तुम्हीच सांगितलंत, त्यांना हात लावू नका. उरलेल्या 45 जणांचे महिन्याला 200 रुपये वाढले तर वर्षाला 1 लाख 8 हजार होतात. तिन्ही मिळून 3 लाख 32 हजार. उरलेले 68 हजार दोन-तीन जुन्या देणगीदारांकडे स्पष्ट सांगून मागा: ‘हे पैसे या वर्षी खर्च होणार नाहीत, पूर आला किंवा अनुदान थांबलं तर ताईंचे पगार यातून होतील.’ आपल्याकडच्या माणसाला हे पटकन कळतं. पावतीवर मात्र ‘कायम निधीसाठी’ असं चुकूनही लिहू नका, नाहीतर तोच पैसा गरजेच्या दिवशी हाताशी नसेल.

पैसे ठेवायचे कुठे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण कागदांत एका पतसंस्थेची 3 लाखांची ठेव पावती दिसली, म्हणून लिहितोय. मुदत संपली की ती तिथून काढा. माझ्या ओळखीच्या एका संस्थेने दीड टक्का जादा व्याजासाठी सगळा राखीव निधी एका पतसंस्थेत ठेवला होता. ज्या पावसाळ्यात पैसे लागले त्याच पावसाळ्यात तिथे ‘थोडं थांबा’ सुरू झालं आणि ते थोडं तेरा महिन्यांचं निघालं. पैसे अडकले हा एक भाग झाला. दुसरा असा की पतसंस्था ही बँक नव्हे. प्राप्तिकर कायद्यात ठरवून दिलेल्या गुंतवणुकीच्या प्रकारांत ती बसत नाही, त्यामुळे संस्थेची करसवलतच धोक्यात येते, आणि ठेव विमाही तिला नाही. शेड्यूल्ड बँक आणि पोस्ट दोन्ही कायद्यांत चालतात. सहकारी बँक प्राप्तिकराला चालते, पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 35 प्रमाणे ती राज्य शासनाने त्यासाठी मान्य केलेली असावी लागते. ते पत्र बँकेकडे मागा. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह 5 लाखांपर्यंतच आहे, तेव्हा रक्कम वाढेल तशी दोन-तीन बँकांत विभागा.

एक महिन्याचे 4 लाख बचत खात्यातच राहू द्या. बाकीच्या लाख-दोन लाखांच्या छोट्या ठेवी करा, आणि त्यातल्या काहींची मुदत जून ते सप्टेंबरमध्ये संपेल असं बघा. एकच मोठी ठेव केली तर 2 लाखांसाठी 12 लाखांची मोडावी लागते आणि सगळ्यावर व्याज बुडतं. आणि राखीव निधीचं खातं चालू खर्चाच्या खात्यापासून वेगळं काढा. एकाच खात्यात असले की जुलैत कुणाला कळतही नाही की आपण राखीव निधी खायला लागलो.

वापरायचे नियम ठरावात दोन-तीन वाक्यांत लिहा, मोठं धोरण लिहीत बसू नका. खजिनदार आणि अध्यक्ष मिळून एका महिन्याच्या खर्चाएवढे पैसे काढू शकतात, त्यापुढे विश्वस्तांची सभा. काढताना कारण आणि परत कुठून भरणार हे लिहायचं. अनुदान लांबलं म्हणून काढले तर अनुदान जमा झालं की त्याच आठवड्यात परत. पुरात काढले तर दोन वर्षांत. एक करविषयक बाबही ध्यानात ठेवा. राखीव निधी वापरून एखाद्या वर्षी उत्पन्नापेक्षा जास्त खर्च केलात, तर तो जादा खर्च पुढच्या वर्षीच्या 85 टक्क्यांत ओढता येत नाही. त्यामुळे निधी परत भरायच्या वर्षीही 85 टक्के नव्याने खर्चावेच लागतात, आणि भरण्याची मुदत फार आखूड ठेवली तर दोन्ही बाजूंनी कोंडी होते.

सलग दोन वर्षं त्याच महिन्यात, त्याच कारणासाठी निधीला हात लागला तर त्याला धक्का म्हणू नका. बजेटच तुटीचं आहे, आणि राखीव निधीची ओळ तिथे फक्त ती तूट झाकते. अशा वेळी लक्ष्य वाढवून काही होत नाही, खर्चाच्या ओळी उघडाव्या लागतात.

‘बँकेत एवढे पैसे असताना आमच्याकडे कशाला मागता’ असं एखादा देणगीदार म्हणणार, याची जुन्या विश्वस्तांना धास्ती आहे. त्यांच्यासमोर ताळेबंदात तीन ओळी वेगळ्या दाखवा: कायम निधी, बांधील प्रकल्प निधी, आणि विश्वस्तांच्या ठरावाने ठेवलेला राखीव निधी. खाली एक टीप द्या, ऑक्टोबर अखेरच्या मोकळ्या शिलकेची. ज्याने ताळेबंद मागितला तो ती टीप वाचतो.

येत्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सभा लावा. 31 ऑक्टोबरची सगळ्या खात्यांची शिल्लक, बांधील रकमा, वजाबाकी, भागिले चार लाख. तो आकडा इतिवृत्तात लिहा आणि त्याखाली गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरचा. साडेचार लाखांच्या आसपास निघाला तर माझा हिशेब बरोबर आहे असं समजा. फार वेगळा निघाला तर मला कळवा, कुठलं तरी खातं माझ्या नजरेतून सुटलंय.